मंगळवारी तिसऱ्या तासाला काय झालं?

गेल्या रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी विश्रामबागला घरी आली होती. आता ती स्वतः सांगलीजवळच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. पुण्यातल्या एका विद्यापीठात अर्ज करायचा होता, त्यासाठी 'टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट', म्हणजे आपण कसं आणि का शिकवतो हे सांगणारं टिपण, लिहून आणलेलं. "सर, फक्त भाषा बघा. बाकी सगळं झालंय," म्हणाली.

भाषेत खोट काढायला जागा नव्हती. अध्यापन विद्यार्थिकेंद्री होतं, वर्ग परस्परसंवादी होता, चिकित्सक विचारांना चालना मिळत होती. विद्यार्थी म्हणजे भरायचं भांडं नसून पेटवायची ज्योत आहे, हेही शेवटी येऊन गेलं होतं. मी भडंगाची बशी तिच्याकडं सरकवली आणि पेन्सिल दिली. म्हटलं, जे वाक्य तुमच्या स्टाफरूममधला कुणीही आपल्या नावावर खपवू शकेल, ते खोड. ती खोडत गेली. दोन पानांत शेवटी एकच वाक्य उरलं: '2019पासून पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवते.'

पोरीचा चेहरा पडला. (मी तरी कुठं वेगळा? कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची असली की असली पानं मीही रिमच्या रिम लिहिली आहेत.) मग तिला म्हटलं, हे सगळं ठेव बाजूला आणि मला सांग, लक्षात राहिलेल्या एखाद्या मंगळवारी तिसऱ्या तासाला तुझ्या वर्गात काय झालं?

आणि ती बोलायला लागली.

त्या दिवशी न्यूटनचा तिसरा नियम होता. नियम पोरांना शाळेपासून पाठ असतो. हिनं तो फळ्यावर लिहिलाच नाही. प्रश्न टाकला: मार्केट यार्डातून हळदीची पोती भरून निघालेला ट्रक आणि एक स्कूटर समोरासमोर धडकले, तर जास्त बल कोण कुणावर लावतं? ट्रकसाठी एक बोट, स्कूटरसाठी दोन, दोन्ही बलं सारखी वाटत असतील तर तीन. बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून ठरवता येत नाही. 54 जणांपैकी 19 जणांनी तीन बोटं दाखवली, म्हणजे उत्तर बरोबर. बहुतेक बाकीचे ट्रकच्या बाजूचे. मग तिनं तीन मिनिटं दिली: ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा. मराठीतच भांडा म्हणाली. हे मला फार आवडलं. जत, कवठे महांकाळहून येणारी पोरं इंग्रजीत गप्प बसतात, मराठीत मात्र तावातावानं वाद घालतात. दुसऱ्यांदा बोटं मोजली तेव्हा 38 जण बरोबर होते.

ही पद्धत तिनं शोधलेली नाही. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी ती फिजिक्सच्या वर्गात रुळवली, तिला 'पीअर इन्स्ट्रक्शन' म्हणतात. तिचा एक व्यवहारी नियम आहे. पहिल्या मतदानात साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तरच चर्चेला सोडायचं. त्याहून कमी असतील तर चर्चेत चुकीचंच उत्तर जिंकण्याची भीती, त्याहून जास्त असतील तर वाद घालायला समोर कुणी उरत नाही. हिचे 19 म्हणजे 35 टक्के.

"हे लिही की मग," मी म्हटलं. "19 चे 38 झाले." ती खूष. पण मीच परत अडवलं, कारण हा पुरावा कच्चा आहे. दुसऱ्यांदा बोट बदललेल्या पोराला खरंच कळलं, का नुसतंच वर्गातल्या हुशार पोराच्या आवाजापुढं त्यानं मान तुकवली, हे त्या आकड्यातून समजत नाही. त्यासाठी तीच कल्पना वेगळ्या वेशात, एकट्यानं सोडवायला द्यावी लागते.

तर बाईंनी तेही केलं होतं! दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर: बैल गाडी ओढतो, गाडी पुढं जाते. बैलाचं गाडीवरचं बल मोठं, की गाडीचं बैलावरचं, की दोन्ही सारखी? हजर 48, बरोबर 17. पुन्हा 35 टक्के. म्हणजे जिथून निघाली तिथंच येऊन पोचली. या चिठ्ठ्या रबर लावून तिच्या कपाटात पडल्या होत्या, पण स्टेटमेंटमध्ये त्यांचा उल्लेख नाही. "सर, हे कसं लिहायचं? फसलेलं आहे ते."

मला वाटतं, सगळ्या दोन पानांत लिहिण्यासारखं काही असेल तर हेच होतं. चिठ्ठ्यांवरची कारणं तिनं वाचली होती. पोरांनी ट्रकचं उत्तर 'सारखी' म्हणून लक्षात ठेवलेलं, पण बैलाच्या बाबतीत 'गाडी पुढं जाते म्हणजे बैलाचं बल जास्तच' असं लिहिलं होतं. कोणतं बल कोणत्या वस्तूवर लागतं, इथंच गल्लत होती. गाडी हलते ती बैलाची ओढ गाडीवरच्या घर्षणापेक्षा जास्त असते म्हणून. बैल पुढं जातो तो खुरांनी जमीन मागं रेटतो म्हणून. गाडी त्याला मागं ओढते ते बल बैलावर, गाडीवर नव्हे. मग पुढच्या आठवड्यात तिनं दोन तास फक्त चित्रं काढून घेतली. बैल एकटा पिवळ्या खडूनं, गाडी एकटी पांढऱ्या खडूनं, आणि प्रत्येक बाणाशेजारी 'कुणाचं, कुणावर' लिहायचंच. महिन्याभरानं चाचणीत बंद पडलेली एसटी ढकलणाऱ्या माणसांचा प्रश्न घातला. 51 पैकी 34 बरोबर.

आता तिला जोर चढला. फिजिक्सचे अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड हेक यांचा 1998चा अभ्यास तिला माहीत होता. त्यांनी साडेसहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या चाचण्या तपासल्या आणि न येणाऱ्या भागापैकी किती भाग आला ते काढलं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत तो सरासरी 0.23 होता, पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 0.48. हिनं मोबाइलवर 35 वरून 67 टक्क्यांचा हिशेब केला, आला 0.49. "सर, हे टाकू?"

नको म्हटलं. हेक यांच्याकडं आधी आणि नंतर तीच प्रमाणित चाचणी होती, तुझ्याकडं तीन वेगवेगळे प्रश्न. एसटीचा प्रश्न मुळात सोपा असेल तर? शिवाय चाचणी आली म्हणून पोरांनी घरी अभ्यासही केला असणार. 34 हा आकडा जसा आहे तसा लिही आणि शेजारी लिही की पुढच्या वर्षी ट्रक, बैल आणि एसटी हे तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून ठेवणार.

'विषयाचा निकाल 92 टक्के' हे वाक्यही काढायला लावलं. त्या निकालात पेपर कसा निघाला हे येतं, गाइडही येतं. फीडबॅक फॉर्मचे 'एक्सलंट' शेरे काढताना मात्र तिला जड गेलं. पण हार्वर्डमध्येच 2019 साली दिसलं होतं की कामाला लावलेल्या वर्गात पोरं जास्त शिकली आणि तरी त्यांना वाटलं, आपण कमी शिकलो. व्याख्यान गोड लागतं हो. मलाही द्यायला आवडतं.

'मूल्याधारित शिक्षण' या परिच्छेदावर आम्ही बराच वेळ अडलो. त्यासाठी वर्गात काय करतेस, विचारलं. तिनं खूप आठवून पाहिलं, मग हसली आणि आख्खा परिच्छेद खोडला.

नवं स्टेटमेंट सव्वा पानाचं झालं. त्यात 17 आहे, 34 आहे, पिवळा-पांढरा खडू आहे. ज्योत राहिली नाही. काल तिचा मेसेज आला: "सर, त्या 51 मधले उरलेले 17 कोण ते काढलं. 11 जण चित्रांच्या दोन्ही तासांना गैरहजर होते, त्यांच्या गावची सकाळची एसटी तेव्हा बंद होती. पण बाकीचे सहा दोन्ही दिवस हजर होते. त्यांचं काय चुकलं असेल?"

सहाही जणांच्या वहीतली चित्रं घेऊन ये, असं कळवलंय.