हरण्याआधीच हरवलेले दोन हजार

जुगारात पैसे गेले की मी फारसा हळहळत नाही. ते जाण्यासाठीच भरलेले असतात. पण या वेळी दोन हजार मी हरलोच नाही. बँकेतून निघाले आणि जुगाराच्या साइटवरच्या माझ्या वॉलेटात पोचलेच नाहीत! हरायची संधीसुद्धा न देता गेले, हे जिव्हारी लागलं.

पुन्हा तेवढेच भरायला बोट सरसावलं होतं, इतक्यात बायको माझ्या मोबाइलवर डोकावली. "अहो, ही कुठली ट्रेडिंग कंपनी?" खात्यात साइटचं नाव दिसेलच असं नसतं, बऱ्याचदा मधल्या पेमेंट कंपनीचं दिसतं. या सोयीवर माझी अब्रू आजवर टिकून होती.

साइटवाले म्हणाले, "आमच्याकडे काही आलं नाही." बँकेतल्या बाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "नोंद पेंडिंग आहे ना?" होती. म्हणजे बँकेने रक्कम नुसती अडवून ठेवलीय, समोरच्याने अजून उचलली नाही. उचललीच नाही, तर काही दिवसांनी आपोआप सुटते. थांबलो. चौथ्या दिवशी पेंडिंग हा शब्द गेला, पैसे मात्र परतले नाहीत.

आता बाईंनी एआरएन दिला. कार्डाच्या व्यवहाराचा हा २३ अंकी क्रमांक समोरच्याने पैसे मागितले की मगच तयार होतो. म्हणजे तो मिळाला याचा अर्थच असा, की पैसे पलीकडे गेलेत. मी तो साइटला धाडला, सोबत स्टेटमेंट, कार्डाचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेले. उत्तर आलं, "त्या तारखेला काही सापडत नाही."

मी भरले होते रात्री बारा वीसला. त्यांचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यांच्या लेखी तो आदला दिवस! हे माझ्या ध्यानात यायला आणखी दोन दिवस गेले. (तोवर मी तीन वेगवेगळ्या लोकांना तीच कहाणी सांगून झालो होतो.)

"बँकेत तक्रार ठोका," बायको म्हणाली. बाईंनीच आवरलं. वाद दाखल झाला की साइट बहुधा खातं गोठवते आणि आतली शिल्लकही अडकते. आधी साइटकडे लेखी तक्रार, तिथे नकार आला की मग बँक. फक्त वाद दाखल करायची मुदत उलटू द्यायची नाही.

आदल्या दिवसाची तारीख टाकल्यावर पैसे सापडले. पेमेंट कंपनीने घेतले होते, पण "मिळाले" हा निरोप साइटपर्यंत पोचलाच नव्हता. तासाभरात वॉलेटात दोन हजार! मी हर्षाने काढून घ्यायचं बटण दाबलं. समोर सूचना: भरलेली रक्कम किमान एकदा खेळल्याशिवाय काढता येणार नाही. वॉलेटात नको, कार्डावर परत द्या, असं तक्रारीतच लिहायला हवं होतं.

बायकोने खांद्यावरून वाचलं. "म्हणजे एवढी धावपळ," ती म्हणाली, "रीतसर हरता यावं म्हणून?"