उधारीचा अर्ज कसा भरून घ्यावा आणि कसा वाचू नये

म्हापशात आपली घाऊक पुरवठ्याची पेढी असेल आणि कळंगुटचा एखादा नवा शॅकवाला महिन्याला २ लाखांचा माल ३० दिवसांच्या उधारीवर मागत असेल, तर त्याच्याकडून उधारीचा अर्ज अवश्य भरून घ्यावा. फक्त पहिला टेम्पो रवाना झाल्यावर. आधी घेतल्यास तो वाचण्याचा मोह होतो.

अर्जात शॅकच्या पाटीवरचे नाव पुरेसे मानावे. ‘धंदा माझाच’ असे समोरचा गृहस्थ सांगत असताना जीएसटी क्रमांकाकडे पाहणे शिष्टाचाराला धरून नाही. गोव्याच्या ३० या आकड्यानंतर पॅनची दहा चिन्हे येतात आणि संपूर्ण क्रमांकातले सहावे चिन्ह धंद्याचे स्वरूप सांगते: पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी आणि सी म्हणजे कंपनी. तिथे सी निघाला, तर देणे कंपनीचे असते, त्या गृहस्थाचे नव्हे. मग त्याच्याकडून वैयक्तिक हमीपत्र मागण्याचा अवघड प्रसंग आपल्यावर ओढवेल.

त्याने ज्या जुन्या पुरवठादारांची नावे दिली असतील, त्यांना फोन करून ‘पार्टी कशी आहे?’ एवढेच विचारावे. ‘बरी आहे’ असे उत्तर मिळेल, कारण ज्याचे पैसे थकवले त्याचे नाव कोणी अर्जात लिहीत नाही. सर्वांत मोठी उधारी किती होती, पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी आले, चेक परत गेला का, असे काही विचारू नये. माहिती मिळण्याचा धोका असतो. बर्फवाल्याने १०,००० रुपयांच्या उधारीची ग्वाही दिली, तर ती २ लाखांनाही लागू समजावी. मात्र ‘पैसे ४५ दिवसांनी येतात’ असे तो बोलून गेला, तर गणित बिघडते: दीड महिन्याचा माल म्हणजे ३ लाख रुपये कायम बाहेर. तेवढी जोखीम पेलवते का, याचा विचार करण्यापेक्षा सरळ ५ लाखांची मर्यादा द्यावी. आकडा दिसायला बरा. मंजुरीची सही सेल्समनकडूनच घ्यावी, कारण कमिशन विक्रीवर मिळते, वसुलीवर नाही, त्यामुळे त्याची बुद्धी निर्मळ राहते.

आता हंगामाचे पाहू. मेअखेर शॅक मोडायचे असतात. ४५ दिवसांच्या हिशेबाने १६ एप्रिलच्या बिलाचे पैसे ३१ मे रोजी हाती येतील आणि त्यानंतरच्या प्रत्येक बिलाचे पैसे मागायला जाल तेव्हा तिथे नुसती वाळू असेल. भित्रे व्यापारी एप्रिलच्या मध्यापासून मर्यादा उतरवत नेतात आणि मे महिन्यात रोखीनेच माल देतात. आपण तसे करू नये. टॅलीत त्या खात्याला मर्यादा घालूच नये; नाही तर ऐन मे महिन्यात बिल अडेल आणि सेल्समनला आपल्याकडे कारण सांगायला यावे लागेल.