पूर्ण परतावा, जरा कमी

बुटाच्या डबीवर नऊ नंबर, तळव्यावर नऊ नंबर, आणि आत पाय घालायला गेलं तर आठ. बूट परत पाठवला. इथवरची गोष्ट कुणाच्याही घरची आहे, ती सोडून देऊ. खात्यात आलेली रक्कम बघून मात्र मी ग्राहक सेवेला फोन लावला, आणि तिथे मला जो गृहस्थ भेटला त्याला मी जन्मात विसरणार नाही.

"सर, आपला पूर्ण परतावा झालेला आहे."

"अहो, 1200 यायला हवे होते. 940 आलेत."

"बरोबर सर. 940 पूर्ण आलेले आहेत."

"मग उरलेले 260?"

"ते परताव्यात नव्हतेच सर, म्हणून परतावा पूर्ण आहे."

बोलणं इतकं गोड की भांडायचीच लाज वाटावी. मी आवाज चढवला की तो म्हणायचा, "आपली नाराजी मी समजू शकतो," आणि मला त्या संगीतावर टांगून निघून जायचा. ते संगीतही असं की बासरीवाल्याला पगार मिळत नसावा. परत आला की पहिल्यापासून सुरू: नाव सांगा, ऑर्डर क्रमांक सांगा, अडचण काय आहे. शेवटी मी म्हटलं, "दादा, जोडलं काय आणि वजा केलं काय, तेवढं ओळीओळीनं सांगा." तेव्हा कुठे त्याने स्क्रीन वाचून दाखवली. तो वाचत होता, मी वीजबिलाच्या पाठीवर लिहून घेत होतो.

ऑर्डरमध्ये दोन वस्तू होत्या, बूट 1500 चा आणि पिशवी 500 ची. 2000 च्या खरेदीवर 400 सूट देणारं कुपन मी लावलं होतं. ही सूट त्यांच्या हिशेबात किमतीच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणजे बुटाला 300 आणि पिशवीला 100. बूट पडला 1200 ला, पिशवी 400 ला. बूट परत केला तर 1200 यावेत असं माझं साधं गणित. पण बूट गेल्यावर खरेदी उरली 500 ची, कुपनाला हवी होती 2000 ची. म्हणून कुपनच रद्द झालं आणि पिशवी पुन्हा 500 ची झाली. तिचे ते 100 माझ्या परताव्यातून कापले. पिशवी घरातच होती, खुंटीला, आणि बसल्या जागी महाग होत होती!

उरले 160. तो कॅशबॅक, भरलेल्या 1600 वर दहा टक्के. त्यालाही किमान खरेदीची अट होती, तीही मोडली. कॅशबॅक पहिल्याच दिवशी फटाक्यांच्या चित्रासकट वॉलेटमध्ये आला होता आणि मी तो वापरूनही टाकला होता. काही ठिकाणी परतीची मुदत संपेपर्यंत कॅशबॅक "प्रलंबित" ठेवतात. ते परवडलं, निदान हात लावता येत नाही. इथे दिला, खर्च करू दिला, आणि मग परताव्यातून वसूल केला.

"आणि कुपन? ते तरी परत मिळेल?"

"मिळालंय सर, पण मुदत जुनीच आहे."

"कधीपर्यंत?"

"काल संपली सर."

इथे मी हसलो. खरं सांगतो, राग येऊन हसलो. देताना चमकती पट्टी, आणि काढून घेताना एक ओळ, तीही आपण फोनवर जीव काढल्यावर.

हे आधी दिसतं का? दिसतं, पण शोधावं लागतं. ऑर्डरच्या तपशिलात किंवा बिलात प्रत्येक वस्तूपुढे सूट वजा करून तिची किंमत असते, बुटाचे 1200 तिथेच होते. परतीची विनंती पक्की करण्याआधीच्या पानावर बहुतेकदा "परतावा रक्कम" येते, तिच्यावर बोट ठेवलं तर वजावट उलगडते. हे दोन आकडे जुळले नाहीत तर जो फरक, तेवढं गेलं. परताव्याचा आकडा दिसतच नसेल, तर आपण ठेवणार आहोत त्या वस्तूंची कुपनाआधीची बेरीज करावी आणि कुपनाची किमान रक्कम तिच्याशी ताडून बघावी. बेरीज खाली गेली की कात्री लागू शकते. अशा वेळी पैसे परत घेण्यापेक्षा तीच वस्तू योग्य मापात बदलून घ्यावी. ऑर्डर मोडत नसल्यामुळे कुपन सहसा टिकतं.

कार्डाचे पॉइंट्स वेगळेच. ते दुकानाच्या खात्यात दिसत नाहीत, बँकेच्या पुढच्या स्टेटमेंटमध्ये परताव्याच्या रकमेपुरते उणे होऊन येतात. आधीच उधळले असतील तर शिल्लक शून्याच्याही खाली जाऊ शकते. माझं स्टेटमेंट अजून यायचंय.

फोन ठेवण्याआधी त्या गृहस्थाने विचारलं, "सर, आजच्या सेवेला किती गुण द्याल? अभिप्रायाबद्दल पॉइंट्स आहेत."

मी विचारलं, "परत घेणार नाही ना?"

तो म्हणाला, "एक मिनिट सर, तपासून सांगतो," आणि बासरी सुरू झाली.