पुस्तक आउटरला उभं आहे

चार महिन्यांपूर्वी माझं पुस्तक लिहून पुरं झालं. १६० पानं. असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागलो तेव्हापासून ‘साहेब’ म्हणून निवृत्त झालो तोवरच्या, नकाशात भिंग लावून शोधाव्या लागणाऱ्या स्टेशनांच्या आठवणी. टाइप करून झालं, शुद्धलेखन झालं, प्रकाशक तयार झाले. नाव तेवढं ठरेना. आउटरला गाडी खोळंबली की प्रवासी माना बाहेर काढून इंजिनाकडे बघतात, तसे घरातले सगळे हल्ली माझ्याकडे बघतात.

पहिलं नाव मला फार आवडलं होतं. ‘सिग्नल ऑफ’. आमच्या रेल्वेच्या भाषेत सिग्नल ऑन म्हणजे थांबा आणि ऑफ म्हणजे जा. जुन्या हाताच्या सिग्नलचा हात आडवा असला की ऑन, खाली झुकला की ऑफ. रात्री-अपरात्री ‘ऑफ झाला’ एवढं ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा. बायकोला सांगितलं तर म्हणाली, “अहो, ऑफ म्हणजे बंद. लोकांना वाटेल, लाइट गेल्यावर लिहिलंय.” मी तिला पंधरा मिनिटं ऑन-ऑफ समजावलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मी पंखा ऑफ करा म्हटलं की तुम्ही तो चालू का नाही करत?”

याला रेल्वेच्या कुठल्याही नियमावलीत उत्तर नाही.

मग ‘सिग्नल पडला’. गावाकडची माणसं हेच म्हणायची. सिग्नल पडला की बोचकी उचलायची. नातवानं विचारलं, “कुणाच्या अंगावर?” त्याचंही बरोबर आहे. त्यानं बघितलेत ते सगळे दिव्यांचे सिग्नल, ते पडत नाहीत. शिवाय हाताच्या सिग्नलमध्येही एक जात अशी होती, की जिचा हात ‘जा’ सांगताना वर उचलला जायचा. म्हणजे माझं शीर्षक निम्म्या स्टेशनांना लागूच नाही. तेही गेलं.

‘लाइन क्लिअर’वर मात्र मी अडून बसलो. एकेरी मार्गावर छोट्या स्टेशनच्या मास्तरचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत असतं. पुढच्या स्टेशनला घंटी वाजवून विचारायचं, गाडी सोडू का? त्यानं हो म्हणून आपल्याकडचं हँडल फिरवलं तरच माझ्या यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडणार. तो गोळा म्हणजे टोकन, ड्रायव्हरचा परवाना. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडची यंत्रं दुसरा देत नाहीत, म्हणून समोरासमोर दोन गाड्या सुटत नाहीत. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर ते कडं धावत्या इंजिनातून हात घालून उचलणार. एका पावसाळी रात्री कडं त्याच्या हातून निसटलं. गाडी पुढे जाऊन थांबली आणि मी, पॉइंट्समन आणि एक ओलं कुत्रं असे तिघे कंदील घेऊन खडीत गोळा शोधत होतो. पाऊण तास. गोळा कुत्र्याला सापडला. हे प्रकरण नववं, आणि पुस्तकातलं सगळ्यात चांगलं तेच आहे असं मुलगी म्हणते, बहुधा त्यात मी कमी बोलतो म्हणून.

प्रकाशक म्हणाले, “साहेब, लाइन क्लिअर म्हणजे तुंबलेलं गटार मोकळं करून देणाऱ्यांची जाहिरात वाटते.”

त्या रागातच मी ‘प्रायव्हेट नंबर’ सुचवलं. फोनवर दिलेला शब्द खरा, याची खूण म्हणून आम्ही दोन आकडी नंबर एकमेकांना द्यायचो. फाटकवाल्याला फोन करायचा, फाटक बंद कर. त्यानं बंद केलं की तो आपल्या कागदावरचा पुढचा नंबर सांगणार, मी तो वहीत लिहिणार, तो आपल्याकडे खोडणार. नंबर आला म्हणजे फाटक बंद, नंबर नाही म्हणजे गाडी नाही. इतकं स्वच्छ काम! पण बायकोनं नुसतं नाव ऐकलं आणि भाजी निवडायची थांबली. मी ते नाव आपणहून मागे घेतलं.

‘हॉल्ट’ हे नाव मुलीनं काढलं. छोटं, सुटसुटीत, आणि १६० पानांच्या पुस्तकाचा कणा जेमतेम नऊ मिलिमीटरचा असल्यानं त्याच्यावर मावणारं. (माझं ‘समुद्रसपाटीपासून’ त्या कण्यापायीच बाद झालं होतं. पिवळ्या पाटीवर ते शोभतं, पण खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या नऊ मिलिमीटरमध्ये कोंबल्या की मधलं अक्षर मुंगीएवढं होतं.) पण हॉल्टवर स्टेशन मास्तर नसतो! तिकिटं कमिशनवरचा एजंट विकतो, सिग्नल नाही, लाइन क्लिअर नाही. “बाबा, हे कुणाला माहीत असतं?” मुलगी म्हणाली. माझ्या बॅचच्या सगळ्यांना माहीत असतं, आणि पुस्तक विकत घेणार आहेत ते तेवढेच.

मधे एकदा ‘धूळघाट’ही झालं. मेळघाटातल्या त्या वळणावर मीटरगेजची गाडी चढ चढता चढता स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची. पण ती गाडी २०१७ साली बंद झाली. मुलगी म्हणाली, लोक पुस्तक वाचतील आणि तुम्हाला फोन करून तिकीट मागतील.

शेवटी प्रकाशकांनीच नाव दिलं, ‘लूप लाइन’. मला क्षणभर हेवा वाटला. छोट्या स्टेशनवर पॅसेंजर गाडी बाजूच्या रुळावर घेऊन ठेवायची, मधल्या मेन लाइनवरून एक्स्प्रेस धूळ उडवत निघून जाणार. आणि सरकारी नोकरीत माणसाला आडबाजूला टाकला की त्यालाही लूप लाइनच म्हणतात. एका नावात दोन्ही अर्थ. याच नावाचं आणखी कुणाचं पुस्तक निघालं तर, अशी शंका मी काढली. प्रकाशक म्हणाले, नुसत्या नावाला कॉपीराइट नसतो, सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली एका चित्रपटाच्या नावावरून झालेल्या खटल्यात सांगितलंय. म्हणजे नियमात बसत होतं. मी खूश.

बायको खूश नव्हती. “तुम्हाला कुणी टाकलं होतं लूप लाइनला? तुम्ही दर वेळी अर्ज करून ती स्टेशनं मागून घेतलीत. मोठ्या जंक्शनची पोस्टिंग आली की तुमचं पोट दुखायचं.” हे पुस्तकात नाही. ते आता प्रस्तावनेत घालायचं, या अटीवर तिनं नावाला लाइन क्लिअर दिली.

काल मुखपृष्ठ आलं. पिवळी पाटी, डोंगर, लूपला उभी पॅसेंजर, मेन लाइनवरून धडाडत जाणारी एक्स्प्रेस. नाव ठळक, सुबक. सगळ्यांनी वाहवा केली. मी चष्मा लावून पाहिलं. एक्स्प्रेसचं इंजिन सिग्नलच्या पुढे निघून गेलेलं, मागचे डबे अजून अलीकडे, आणि सिग्नलचा हात सरळ आडवा. ऑन!

रात्री साडेदहाला प्रकाशकांना फोन लावला. ते झोपेत म्हणाले, “साहेब, आता काय झालं? नावात काही?”

“नावाचं सोडा,” मी म्हणालो, “त्या ड्रायव्हरला सस्पेंड करावं लागेल.”