८० ला वाजणारी बीप आणि मामांनी कापून घेतलेला बझर

"सर्व कारमालकांनी वाचा! ८० च्या वर गाडी बीप बीप का करते? १) ८० नंतर इंजिनवर ताण येतो, त्याची ती वॉर्निंग आहे. २) प्रत्येक बीपची नोंद आरटीओकडे जाते. ३) बीप वाजत नाही तोपर्यंत तुम्ही लिमिटमध्येच आहात, चलान लागू शकत नाही. ४) मीटर मुळातच ५ ने जास्त दाखवतो, तेव्हा बिनधास्त जा. ५) हा त्रास फक्त भारतातच आहे. ६) मीटरचा फ्यूज काढा किंवा मिस्त्रीकडून बझर काढून घ्या, गाडीला काही होत नाही. पुढे पाठवा."

हा मेसेज माझ्या फोनवर वर्षभरात चार वेळा आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. पाचव्यांदा तो मामांकडून आला आणि खाली त्यांनी लिहिलं होतं, "मी काढून घेतला, आता शांतता आहे." मामा ६४ वर्षांचे आहेत, महिन्यातून दोनदा नाशिकहून पुण्याला गाडी चालवत येतात आणि शेजारी मामी असतात. मी गाड्यांच्या मीटरच्या चाचणीचं काम करतो. म्हणून या वेळी गप्प बसणं जमलं नाही.

सहाव्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे चुकीचे आहेत आणि हा धोक्याचा आहे.

मिस्त्रीने मामांच्या गाडीचा मीटर खोलला आणि आतल्या सर्किट बोर्डावरचा एक काळा, गोल, बोटाच्या पेरापेक्षा लहान भाग काढून टाकला. तो बझर. ८० च्या बीपसाठी गाडीत वेगळा भोंगा नसतो. पुष्कळ गाड्यांत, विशेषतः खालच्या मॉडेलमध्ये, हाच एक बझर सगळी कामं करतो: सीटबेल्ट लावला नाही तर वाजतो, दार नीट लागलं नाही तर वाजतो, हेडलाइट चालू ठेवून उतरलात तर वाजतो, हँडब्रेक ओढलेला ठेवून निघालात तरी वाजतो. मीटरमधला प्रोसेसर त्याला वेगवेगळ्या लयीत वाजवतो, एवढाच फरक. एक बीप बंद करायला गेलं की बाकीचे सगळे इशारे मुके होतात.

मामांच्या बाबतीत काय झालं? पहिल्याच आठवड्यात हेडलाइट रात्रभर चालू राहिले आणि सकाळी बॅटरी उतरलेली. ते एक वेळ चालेल. पण पुढच्या फेरीत मामींनी सिन्नरला पाणी घेण्यासाठी बेल्ट काढला तो परत लावलाच नाही, थेट संगमनेर येईपर्यंत. एरवी गाडीने मिनिटभरात डोकं उठवलं असतं. काचेपलीकडून येणारं ऊन डोळ्यावर असताना डॅशबोर्डवरचा तो लहान लाल दिवा दोघांनाही दिसला नाही. समोरच्या सीटवर बेल्टशिवाय बसलेल्या माणसावर एअरबॅग उघडली तर काय होतं, हे मी मामांना फोनवर सविस्तर सांगितलं. इथे लिहीत नाही.

फ्यूज काढणं तर याहून वाईट. तो फ्यूज बझरचा नसतो, अख्ख्या मीटरचा असतो, आणि काही गाड्यांत त्यावर आणखीही काही जोडलेलं असतं. तो काढला की वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, तापमानाची खूण, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे, सगळं अंधारात जातं. चंदनापुरी घाटात कूलंटचा पाइप सुटला तर ते तुम्हाला बॉनेटमधून वाफ आल्यावर कळेल, आणि तोवर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं.

आता ही बीप येते कुठून ते बघू, म्हणजे पहिले तीन मुद्दे एकदमच निकालात निघतील.

प्रत्येक चाकाजवळ एबीएससाठी एक सेन्सर असतो. चाकासोबत फिरणाऱ्या कडीवरचे दाते किंवा चुंबकीय खुणा त्याच्यासमोरून गेल्या की तो स्पंदनं पाठवतो. १८५/६५ आर१५ हा टायर धरला तर त्याचा घेर साधारण १९५ सेंटिमीटर. म्हणजे ८० च्या वेगाला चाक सेकंदाला अकरा-साडेअकरा वेळा फिरतं. एबीएसचा कंट्रोलर ही स्पंदनं मोजून वेग काढतो आणि गाडीच्या आतल्या डेटा वायरवरून, जिला आम्ही कॅन लाइन म्हणतो, मीटरला कळवतो. मीटर तो आकडा ८० शी ताडून बघतो. वर गेला की बझर वाजवतो. गोष्ट इथेच संपते.

या साखळीत इंजिन कुठेच नाही. खात्री करायची असेल तर मोकळ्या हायवेवर ८० च्या आसपास असताना एकदा पाचव्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये बघा. इंजिनचे फेरे वेगवेगळे असतील, बीप मात्र त्याच आकड्याला येईल. इंजिनचा ताण मोजत असती तर असं झालं नसतं. या साखळीत आरटीओही नाही. चलान येतं ते रस्त्यावरच्या कॅमेऱ्यामुळे आणि स्पीड गनमुळे. हल्लीच्या इंटरनेट जोडलेल्या काही गाड्या वेग ओलांडल्याचा निरोप मालकाच्या फोनवर पाठवतात हे खरं आहे, पण तो मालकाने स्वतः लावलेला इशारा असतो. त्याचा आणि या बीपचा संबंध नाही.

आणि या साखळीत रस्त्यावरचा बोर्डही नाही. तिसऱ्या मुद्द्यातली चूक नेमकी ही आहे, आणि चांगली शिकलेली माणसंही ती करतात. गाडीला फक्त चाक किती फिरलं ते कळतं. आपण शाळेसमोर आहोत, घाटात आहोत की एक्सप्रेसवेवर, हे तिला ठाऊक नसतं. शाळेपुढे बोर्डावर ३० लिहिलेलं असताना तुम्ही ६५ ने गेलात तरी ती एक शब्द बोलणार नाही, आणि चलान मात्र येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे कारला तो दंड १,००० ते २,००० रुपये आहे.

मग ८० हाच आकडा का? यासाठी एकच कागद वाचावा लागतो: एआयएस-१४५. हे मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेलं आहे आणि १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी कारना ते लागू झालं. याच नियमाने चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण आणि रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे केले. वेगाच्या इशाऱ्याला त्यात दोन पायऱ्या आहेत. ८० ओलांडल्यावर थांबून थांबून बीप, आणि १२० ओलांडल्यावर सलग, न थांबणारी.

हे दोन आकडे रस्त्यांच्या मर्यादांशेजारी ठेवून बघा. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत कारसाठी कमाल वेग असा होता: प्रवेश-नियंत्रित एक्सप्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, बाकी रस्त्यांवर ७०. स्थानिक प्रशासन त्याखाली कितीही आणू शकतं. म्हणजे १२० च्या वर त्या यादीतला कुठलाच रस्ता तुम्हाला परवानगी देत नाही, म्हणून तिथे आवाज थांबत नाही. आणि ८० ला तुम्ही साध्या दुपदरी रस्त्याची मर्यादा ओलांडलेली आहे, पण चौपदरीवर अजून नियमात आहात. रस्ता न ओळखणाऱ्या यंत्राने तिथे अधूनमधून टोकावं, यापलीकडे ते काय करणार?

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मुभा आहे. तिथे तुम्ही ९५ ने, पूर्ण नियमात चालवत असता आणि गाडी टोकत राहते. त्याची चीड येते, आणि काही दिवसांनी कान तो आवाज ऐकणंच सोडून देतो. ठरावीक आकड्याला बांधलेल्या इशाऱ्याची ही खरी उणीव आहे. पण त्यावर उपाय कटर नाही. ज्या गाड्यांत आपल्या पसंतीचा वेग-इशारा लावायची सोय आहे, तिथे तो गावात ५० वर लावून बघा. तो उपयोगी पडतो.

पाचवा मुद्दा दोन ओळींत संपतो. आखातात नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, तिथल्या गाड्या १२० ला वाजतात. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये कॅमेरा आणि नकाशा वापरून त्या त्या रस्त्याची मर्यादा ओळखणारी यंत्रणा सक्तीची आहे.

राहिला चौथा. यात अर्धं सत्य आहे. मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. खरा वेग ८० असताना मीटरने ९२ पर्यंत दाखवलेलं त्यात बसतं. पण "५ ने जास्त" हा आकडा सगळ्या गाड्यांना लावता येत नाही. आपल्या गाडीचा स्वतः मोजावा लागतो आणि ते अवघड नाही. सपाट, रिकाम्या रस्त्यावर काटा ८० वर धरा, आणि शेजारच्याला एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत फोनवर सेकंद मोजायला सांगा. बरोबर ८० असेल तर ४५ सेकंद लागतात. ३,६०० ला सेकंदांनी भागलं की खरा वेग मिळतो. दगड कधी कधी नेमक्या जागी नसतात, म्हणून चार-पाच किलोमीटर मोजून सरासरी घ्या.

मामांच्या गाडीला कंपनीचे १८५/६५ आर१५ टायर होते तेव्हा मीच हे मोजलं होतं: ४७ सेकंद, म्हणजे काटा ८० वर असताना खरा वेग साडेशहात्तर. गेल्या दिवाळीत त्यांनी "रोड ग्रिप चांगली" म्हणून २०५/६५ आर१५ टायर घातले. जुन्या टायरचा व्यास ६२.१ सेंटिमीटर, नव्याचा ६४.७. चार टक्क्यांचा फरक. चाक तेवढंच फिरतं, गाडी मात्र प्रत्येक फेऱ्यात जास्त पुढे जाते आणि मीटरला याचा पत्ता नसतो. साडेशहात्तरवर चार टक्के चढवले की झाले जवळजवळ ८०. ज्या फरकाच्या भरवशावर मेसेज "बिनधास्त जा" म्हणतो, तो मामांच्या गाडीत उरलेलाच नाही.

परवा ते आले तेव्हा बझर परत बसवून घेतला. मीटर पुन्हा खोलावा लागला आणि डाव्या कोपऱ्यातली मिस्त्रीने तोडलेली क्लिप आता नीट बसत नाही. परतीच्या वाटेवर मामींनी नारायणगावच्या पुढे पाच दगड मोजले आणि मला कळवलं: सरासरी ४५ सेकंद.