प्रबंधातली पोकळी झाकून कशी ठेवावी

प्रबंधाचं पहिलं वाक्य शोधत बसू नका. ते तयारच आहे: 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' विषय अर्थशास्त्राचा असो, भूगोलाचा असो की समाजशास्त्राचा, त्याला खेड्याचा नुसता वास असला तरी हे वाक्य चालतं. मग पाण्याकडे वळा. पाणी म्हणजे जीवन, पाणी हे पंचमहाभूतांपैकी एक, सिंधू संस्कृती नदीकाठी वसली, पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. एवढ्यात चार पानं भरतात, आणि तुम्ही अजून नाशिक जिल्ह्याच्या हद्दीतसुद्धा शिरलेले नसता.

हद्दीचं नाव निघालंच आहे तर एक विषय समोर ठेवू: 'सिन्नर तालुक्यातील शेततळ्यांचा शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीवरील परिणाम : एक अभ्यास'. शेवटचे दोन शब्द गाळू नका, नाहीतर परीक्षकाला ही कादंबरी वाटायची.

आता प्रस्तावनेत कशानंतर काय यावं याबद्दल काही लोक उगाच गोंधळ घालतात. जॉन स्वेल्स नावाच्या भाषाअभ्यासकाने १९९० साली मांडून ठेवलंय की संशोधनाची प्रस्तावना तीन चालींत पुढे जाते. आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली रिकामी जागा दाखवायची, मग ती जागा आपण कशी घेणार ते सांगायचं. हे एसटीत जागा धरण्यासारखं झालं: आधी बस, मग रिकामी सीट, मग खिडकीतून रुमाल. आपल्याकडे मात्र रुमाल आधी टाकायची पद्धत आहे. तिसऱ्या पानावर 'संशोधनाची उद्दिष्टे' हे ठळक शीर्षक द्या आणि खाली पाच उद्दिष्टं मांडून मोकळे व्हा. पूर्वसाहित्याचा आढावा दुसऱ्या प्रकरणात येईल, आणि त्याच्या शेवटी, सत्तराव्या पानाच्या आसपास, 'संशोधनातील पोकळी' हा सहा ओळींचा परिच्छेद. हीच पाच उद्दिष्टं का, सात का नाहीत, हे वाचणाऱ्याला सदुसष्ट पानं कळता कामा नये. सीट रिकामी होती की तिथे आधीच कोणी बसलं होतं, ते बहिःस्थ परीक्षक व्हायवात बघून घेतील.

त्या सहा ओळींत काय लिहायचं, हेही ठरलेलं आहे: 'वरील आढाव्यावरून असे दिसून येते की, सिन्नर तालुक्यात या विषयावर यापूर्वी अभ्यास झालेला नाही.' या वाक्याची खुबी अशी की ते कुठल्याही तालुक्याला बसतं. सिन्नर तालुक्यात ग्रामपंचायतींच्या पायऱ्याही बहुधा कोणी मोजलेल्या नसतील, पण म्हणून तिथे वही घेऊन कोणी संशोधनाला निघत नाही. जागा रिकामी असणं आणि ती रिकामी राहिल्यामुळे काहीतरी चुकीचं समजलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मनात आला की झोप उडते, तेव्हा तो मनात आणू नका. सिन्नरची जमीन, पाऊस किंवा पाणीवाटप असं काय आहे की दुसरीकडचे निष्कर्ष इथे लागू पडणार नाहीत, हे सांगितलं तर तालुक्याचं नावही खरी पोकळी ठरू शकतं. पण त्यासाठी दुसरीकडचे निष्कर्ष वाचावे लागतात.

'अभ्यास झालेला नाही' हे वाक्य जितकं रुंद लिहाल तितकं चांगलं. रुंद दावा पाडायला एकच प्रबंध पुरतो. परीक्षक शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, 'शेततळे' आणि 'नाशिक' एवढे दोन शब्द टाकतात, एक पान उघडतात, आणि तुमची पोकळी भरलेली निघते. याउलट 'आधीच्या अभ्यासांनी उत्पन्न मोजलं, पण तळ्यात पाणी कुठून आलं हे मोजलं नाही' असा अरुंद दावा केला, तर तो पाडायला परीक्षकांना तुमच्या आढाव्यातला प्रत्येक अभ्यास उघडून बघावा लागेल. एवढे कष्ट वयस्कर माणसाला देणं बरं नव्हे.

आढावाही त्याच बेताने लिहा. एका अभ्यासाला एक परिच्छेद: अमुक यांनी तमुक साली अभ्यास केला, नमुना इतका घेतला, निष्कर्ष असा निघाला. पुढच्या परिच्छेदात पुढचे अमुक. अभ्यासांची एकमेकांशी गाठ पडू देऊ नका. चुकून तुम्ही त्यांचे गट पाडलेत, म्हणजे उत्पन्न मोजणारे एकीकडे, पीकबदल बघणारे दुसरीकडे आणि भूजल बघणारे तिसरीकडे, तर पहिल्या दोन ढिगांत दहा-दहा आणि तिसऱ्यात जेमतेम एक असं चित्र समोर येईल. पोकळी आपोआप उघडी पडेल आणि तुमचं सत्तरावं पान वाया जाईल.

आता उद्दिष्टं. प्रत्येक उद्दिष्टाच्या शेवटी 'अभ्यास करणे' हवं. शेततळ्यांचा अभ्यास करणे, शेतकऱ्यांच्या स्थितीचा अभ्यास करणे, समस्यांचा अभ्यास करणे. चौथ्या ठिकाणी 'प्रश्नावलीद्वारे माहिती संकलित करणे' घाला. ते खरं म्हणजे काम आहे, उद्दिष्ट नव्हे. त्याची जागा संशोधनपद्धतीत. पण त्याच्यामुळे एक क्रमांक वाढतो. पाचवं कायमचं राखीव: 'शासनास उपाययोजना सुचविणे'. 'अभ्यास करणे' या क्रियापदाचा मोठा फायदा असा की ते कधी अपुरं राहत नाही. 'मोजणे', 'तुलना करणे', 'तपासणे' म्हटलं की कोणीतरी विचारणार, काय मोजलं, कशाशी तुलना केली, उत्तर काय आलं? अभ्यास मात्र झालेलाच असतो.

क्रमही उलटसुलट ठेवा. उपाय आधी, कारणं नंतर, मोजमाप सगळ्यात शेवटी. जे उद्दिष्ट दुसऱ्याच्या उत्तरावर उभं आहे ते त्याच्या आधी आलं, म्हणजे वाचणारा मागेपुढे पानं चाळत राहतो. तेवढा वेळ तो प्रश्न विचारत नाही.

एका धोक्याची सूचना द्यायला हवी. काही खडूस परीक्षक प्रस्तावना वाचतच नाहीत. ते एक कोरा कागद घेतात आणि प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एकाखाली एक उतरवतात. ती वाक्यं सलग वाचून गोष्ट लागली नाही, तर तिथेच खूण करतात. मग कागदाच्या मागच्या बाजूला तीन रकाने आखतात: काय माहीत नाही, कोणतं उद्दिष्ट ते शोधणार, कोणती माहिती गोळा करून. पहिल्या रकान्यात काही नाही आणि दुसऱ्यात उद्दिष्ट आहे, असं दिसलं की ते उद्दिष्ट उपरं. पहिल्यात पोकळी आहे आणि दुसरा रिकामा, तर ती पोकळी नुसती शोभेची. या कामाला त्यांना अर्धा तास लागतो. तुम्हालाही तेवढाच लागला असता, पण तुम्हाला मुखपृष्ठाचा रंग ठरवायचा होता.

याच विषयाचा कोणी आगाऊपणाने कसा विचका केला असता, तेही पाहून ठेवा. त्याने कृषिप्रधान देश गाळला आणि थेट अशी सुरुवात केली:

'राज्य शासनाने २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" ही योजना सुरू केली. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवून कोरडवाहू पिकाला संरक्षित पाणी मिळावं, ही शेततळ्यामागची कल्पना. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरला तर, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. उपलब्ध अभ्यास मुख्यतः तळं असलेल्या शेतकऱ्याचं उत्पन्न आणि पीकबदल मोजतात. पण प्लास्टिक अंथरलेल्या अनेक तळ्यांचे बांध जमिनीपेक्षा उंच असतात, त्यामुळे शिवारातलं वाहतं पाणी त्यांत शिरूच शकत नाही. अशी तळी विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याने भरली जातात. मग तळेवाल्याचं वाढलेलं उत्पन्न हे साठवलेल्या पावसाचं फळ आहे की शेजाऱ्याच्या विहिरीतून सरकलेल्या पाण्याचं, हे केवळ उत्पन्न मोजून कळत नाही. या अभ्यासाची उद्दिष्टे तीन: निवडलेल्या तळ्यांत पाऊस आणि उपसा यांचा वाटा किती हे मोजणे, तळ्यांजवळच्या आणि तळ्यांपासून दूरच्या विहिरींची पावसाळ्यानंतरची पातळी कशी उतरते याची तुलना करणे, आणि या दोन्हींच्या आधारे, तळे नसलेल्या शेतकऱ्यांच्या रब्बी सिंचनात फरक पडतो का हे तपासणे.'

बघा काय अनर्थ झाला. एका परिच्छेदात सगळं संपलं. 'पण' या एका शब्दावर पोकळी उघडी पडली, आणि तीही कारणासकट: बांध उंच, म्हणून पाणी आत येत नाही, म्हणून उपसा. पोकळी भरली नाही तर नेमका काय गैरसमज राहील, तेही लागलीच आलं. तीनही उद्दिष्टं त्या एकाच शंकेतून निघाली, आणि एकावर दुसरं उभं राहिलं. तळं कशाने भरतं हेच ठाऊक नसेल तर विहिरीची पातळी कशामुळे उतरली, ते सांगता येत नाही. विहिरीचं ठाऊक नसेल तर शेजाऱ्याच्या गव्हाचं काय झालं, ते तळ्याच्या माथी मारता येत नाही. 'शासनास उपाययोजना' तर कुठेच नाही. ती तो शेवटच्या प्रकरणात, हाती काही आलं तर लिहिणार म्हणे. शिवाय जवळच्या आणि दूरच्या विहिरींचा खडक आणि खोली सारखी नसेल तर तुलना लंगडी पडते, हे त्याने मर्यादांत आधीच कबूल करून टाकलं. परीक्षकांना विचारायला काही उरू नये, ही काय रीत झाली?

तुम्ही असं काही करणार नाही, याची खात्री आहे. तरीही प्रबंध बांधायला टाकण्यापूर्वी एवढं तपासा: सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्टं पाच असावीत, पहिल्या प्रकरणात चार, आणि निष्कर्षाच्या प्रकरणात सहा. सिनॉप्सिस आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे, गेला तेव्हाचं शीर्षक वेगळं असेल तर उत्तमच. निष्कर्षांना उद्दिष्टांचे क्रमांक देऊ नका. दिलेच, तर तिसऱ्या उद्दिष्टाचा निष्कर्ष सापडू नये इतके आत ठेवा. व्हायवात परीक्षक विचारतील, 'तिसऱ्या उद्दिष्टाचं काय झालं?' तेव्हा गडबडू नका. मार्गदर्शकांकडे बघा. तेही तेच पान शोधत असतील.