टॉक्सोच्या चाचणी-उपचारात स्टेरॉइड घालून निदान कसं बिघडतं

फिरत असलेला संदेश: "एचआयव्ही असलेल्या माणसाच्या एमआरआयमध्ये अंगठीसारखी गाठ दिसली की ती टॉक्सोच. कॉट्रिमोक्साझोल आणि डेक्सामेथासोन एकदम चालू करा, चार दिवसांत बरं वाटलं की निदान पक्कं. सहा आठवडे झाले, माणूस बरा झाला की औषध बंद. आणि घरात मांजर नसेल तर या आजाराची काळजीच करू नका."

टॉक्सो म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे मेंदूत होणारा आजार, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. या चार वाक्यांत थोडं थोडं खरं आहे आणि म्हणूनच ती पुढे पाठवली जातात. सगळ्यात घातक दुसरं वाक्य आहे. पण पहिल्यापासून जाऊ.

कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठीची कड उजळते आणि मधला भाग काळा राहतो, हे खरं. पण असं कडं टॉक्सोप्लाझ्मा उमटवतो, तसंच क्षयाची गाठ, लिम्फोमा, बुरशी आणि जिवाणूंचं गळूही उमटवतं. त्यामुळे नुसत्या कड्याला अर्थ नाही. ते कोणाच्या डोक्यात आहे, किती आहेत आणि कुठे आहेत, हे विचारायचं.

कोणाच्या, म्हणजे त्याच्या रक्तातल्या सीडी४ या संरक्षक पेशी किती? टॉक्सो बहुधा नवा संसर्ग नसतो. वर्षानुवर्षं मेंदूत आणि स्नायूंत झोपलेल्या पुटीतला परजीवी प्रतिकारशक्ती ढासळल्यावर जागा होतो. सीडी४ १०० च्या खाली गेला की धोका वाढतो, ५० च्या खाली सर्वांत जास्त. जुना संसर्ग होता का, हे रक्तातली टॉक्सो आयजीजी ही अँटिबॉडी सांगते. ती निगेटिव्ह असेल तर टॉक्सोची शक्यता बरीच घसरते, पूर्ण संपत नाही. नव्या संसर्गात दिसणाऱ्या आयजीएमचा इथे फारसा उपयोग नाही, कारण आजार जुन्या संसर्गाचा असतो. आणि रुग्ण आधीपासून नेमाने प्रतिबंधासाठी कॉट्रिमोक्साझोल घेत असेल तर टॉक्सोवरचा संशय तिथेच सैल करायचा.

किती आणि कुठे, हे एमआरआय सांगतो. टॉक्सोच्या गाठी बहुधा अनेक असतात. त्या मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियात आणि मेंदूचा करडा व पांढरा भाग जिथे भेटतो त्या सीमेवर दिसतात, भोवती भरपूर सूज असते. कधीकधी कड्याच्या आत एका बाजूला चिकटलेला छोटा उजळ ठिपका दिसतो, मध्याला सोडून बसलेला. तो दिसला तर टॉक्सोच्या बाजूने मोठा पुरावा. पण बहुतेक रुग्णांत तो दिसतच नाही, म्हणून नाही दिसला यावरून काहीच ठरत नाही. एमआरआयवरही गाठ एकच असेल, ४ सेंटिमीटरहून मोठी असेल, मेंदूतल्या पोकळ्यांच्या काठाला लागून असेल किंवा मेंदूचे दोन अर्धे जोडणारा कॉर्पस कॅलोझम ओलांडून पलीकडे गेली असेल, तर मी लिम्फोमाचा विचार आधी करतो. सीटीवर एकच दिसणाऱ्या गाठीला मात्र एकटी म्हणू नये. एमआरआयवर तिच्या शेजारणी पुष्कळदा सापडतात.

कमी सीडी४, पॉझिटिव्ह आयजीजी, प्रतिबंधक गोळी चालू नाही आणि अनेक कडी, या चार गोष्टी जुळल्या तर टॉक्सोची शक्यता सुमारे ९० टक्के धरतात. म्हणून अशा रुग्णाची लगेच बायोप्सी करत नाहीत, औषध देऊन बघतात. या संदेशाचा बायोप्सी टाळण्याकडे कल आहे, त्यात चूक नाही. (याला गळू म्हणतात, पण आत पू नसतो, मेलेली ऊती असते. निचरा करावा असं काही नसतं.)

आता दुसरं वाक्य. इथे औषध हीच तपासणी आहे. म्हणजे प्रयोगशाळेचा रिपोर्ट नाही, रुग्णाचं शरीरच उत्तर देणार आहे. तपासणीच्या नळीत कोणी वेगळाच रंग ओतला तर रिपोर्टाचं काय होईल, तेच डेक्सामेथासोन इथे करतं. ते गाठीभोवतीची सूज उतरवतं, त्यामुळे टॉक्सो असो, क्षयाची गाठ असो वा लिम्फोमा, माणूस दोन-तीन दिवसांत बरा दिसतो. लिम्फोमाच्या पेशी तर स्टेरॉइडने स्वतःही मरतात, गाठ आक्रसते. चार दिवसांनी सुधारलेला रुग्ण कशामुळे सुधारला, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि नंतर बायोप्सी करायची वेळ आली, तर स्टेरॉइडने पुसट झालेल्या लिम्फोमाच्या तुकड्यातून पॅथॉलॉजिस्टला काही सापडेलच असं नाही.

एक रुग्ण समोर ठेवू. ३६ वर्षांचा पुरुष, वजन ४८ किलो, एचआयव्हीची औषधं वर्षभर बंद. दहा दिवस डोकेदुखी आणि बारीक ताप, मग उजवा हात जड, बोलणं अडखळतं, एक फिट. सीडी४ ३८, टॉक्सो आयजीजी पॉझिटिव्ह. एमआरआयवर पाच गाठी, सर्वांत मोठी डाव्या बेसल गँग्लियात, २.४ सेंटिमीटर. पूर्ण शुद्धीवर आहे, मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही. म्हणून स्टेरॉइड नाही. फिट आली आहे म्हणून फिटचं औषध आहे. ती आली नसती तर निव्वळ भीतीपोटी दिलं नसतं.

पायरीमेथामाइन आणि सल्फाडायझिन ही जुनी जोडी हाताशी नसेल तर कॉट्रिमोक्साझोल चालतं. मात्र मात्रा प्रतिबंधाची नव्हे, उपचाराची: त्यातलं ट्रायमेथोप्रिम किलोमागे ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ४८ किलोला एका वेळी २४० मिलिग्रॅम, म्हणजे १६० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असलेल्या डबल स्ट्रेंग्थ गोळ्या दीड, सकाळी आणि संध्याकाळी. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे रोज एक गोळी लिहून "टॉक्सोचं औषध चालू आहे" असं समजणं. दोन आठवड्यांनी रुग्ण सुधारत नाही आणि दोष निदानाला लागतो. पायरीमेथामाइन देणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: सोबत फोलिनिक अ‍ॅसिड लागतं. साधं फोलिक अ‍ॅसिड देऊ नये. ते रुग्णाच्या अस्थिमज्जेला त्या औषधापासून वाचवत नाही आणि उपचारालाच मारक ठरू शकतं.

मोजायचं काय? "बरं वाटतंय का" हा प्रश्न इथे कुचकामी आहे. डोकेदुखी पॅरासिटामॉलनेही उतरते. पहिल्या दिवशी कागदावर लिहावं: उजव्या हाताची पकड, हात गादीवरून उचलतो का, आधाराशिवाय चालतो का, वाक्य पूर्ण करतो का, आजची तारीख सांगतो का. मग रोज त्याच पाच गोष्टी, शक्यतो त्याच माणसाने तपासायच्या. आपल्या रुग्णाचा हात पाचव्या दिवशी गादीवरून उठला, सातव्या दिवशी तो भिंतीला धरून चालला. चौदाव्या दिवशीच्या एमआरआयवर मोठी गाठ १.५ सेंटिमीटरवर आली, भोवतीची सूज निम्म्याहून कमी झाली. हे उत्तर विश्वासाचं आहे, कारण मध्ये दुसरं काही ओतलेलं नाही.

या वेळापत्रकाला आधार आहे. १९९३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ४९ रुग्णांपैकी ३५ सुधारले आणि त्यांतले ३० जण सातव्या दिवसापर्यंत, ३२ जण चौदाव्या दिवसापर्यंत सुधारलेले होते. म्हणजे जो सुधारणार असतो तो बहुधा लवकर सुधारतो. पहिल्याच आठवड्यात खालावणारा, किंवा १० ते १४ दिवसांनीही कागदावर काहीच न बदललेला रुग्ण हा टॉक्सो नसावा असं धरून बायोप्सीकडे जायचं. त्याआधी गोळ्या खरंच पोटात जात आहेत ना, मात्रा बरोबर आहे ना, एवढं बघावं. पाठीतलं पाणी काढणं सुरक्षित असेल तर त्यात एपस्टाइन-बार विषाणू शोधणारा ईबीव्ही पीसीआर पॉझिटिव्ह आला तर तो लिम्फोमाकडे बोट दाखवतो. टॉक्सो पीसीआर पॉझिटिव्ह आला तर जवळपास खात्री, पण निगेटिव्ह आला म्हणून टॉक्सो नाही असं होत नाही, विशेषतः उपचार सुरू झाल्यावर.

मग स्टेरॉइड कधीच नाही? आहे. रुग्णाची शुद्ध हरपत चालली असेल, मेंदू एका बाजूला ढकलला जात असेल, तर जीव आधी, निदान नंतर. पण तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायचं की आता येणारी सुधारणा साक्षीला धरायची नाही. शक्य तितक्या लवकर स्टेरॉइड उतरवायचं आणि खरं उत्तर ते बंद झाल्यावरच्या दिवसांत, पुन्हा केलेल्या एमआरआयवर शोधायचं. स्टेरॉइड थांबताच हात पुन्हा पडला, तर टॉक्सोवरचा विश्वास सोडायचा.

सहा आठवड्यांबद्दल. पूर्ण मात्रेचा उपचार किमान सहा आठवडे, गाठी मोठ्या किंवा पुष्कळ असतील तर त्याहून जास्त. पण ही औषधं जागा झालेला परजीवी मारतात, झोपलेल्या पुटी तशाच राहतात. सीडी४ वर यायच्या आत औषध तोडलं तर आजार परततो. म्हणून सहा आठवड्यांनी मात्रा कमी होते, औषध बंद होत नाही: आपल्या रुग्णाला एक डबल स्ट्रेंग्थ गोळी दिवसातून दोनदा. एचआयव्हीची औषधं टॉक्सोचा उपचार सुरू केल्यावर दोन ते तीन आठवड्यांत चालू करायची, कारण पुटींवर पहारा शेवटी सीडी४ च ठेवणार. तो २०० च्या वर सलग सहा महिने टिकला आणि त्रास काही नसला की देखभालीची मात्रा थांबवता येते. एमआरआय मात्र तोवर कोरा होईलच असं नाही. वळ, कॅल्शियमचा ठिपका, कडेचा फिका उजाळा महिनोन्महिने राहू शकतो. तेवढ्यावरून पूर्ण मात्रा पुन्हा सुरू करणं चूक.

मांजराचा मुद्दा लवकर संपतो. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, माती, दूषित पाणी, यांतूनही संसर्ग होतो, आणि तो बहुतेकांना आजार व्हायच्या कितीतरी आधी झालेला असतो. घरात मांजर नाही म्हणून आयजीजी निगेटिव्ह असेल असं नाही. मांजर असेल तर ते हाकलायचीही गरज नाही. त्याची विष्ठा बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गजन्य होते, म्हणून वाळूची पेटी रोज, आणि दुसऱ्या कोणाकडून, साफ झाली की पुरे.

काळजी कोणी करायची, हे आयजीजी आणि सीडी४ ठरवतात. आयजीजी पॉझिटिव्ह आणि सीडी४ १०० च्या खाली, तर आजार होण्याआधीच रोज एक डबल स्ट्रेंग्थ कॉट्रिमोक्साझोल. तीच गोळी न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियापासूनही वाचवते. सीडी४ २०० च्या वर तीन महिन्यांहून अधिक टिकला की ती थांबवता येते. सल्फाचं पुरळ सौम्य असेल तर पुष्कळदा हळूहळू मात्रा वाढवत ती पुन्हा सहन होते. अंगाची साल निघाली किंवा तोंडात फोड आले असतील तर तो नाद सोडायचा आणि डॅप्सोनसोबत पायरीमेथामाइन व फोलिनिक अ‍ॅसिड द्यायचं, आधी जी६पीडी हे एन्झाइम कमी नाही ना ते तपासून. डॅप्सोन एकटं दिलं तर न्यूमोनियापासून आडोसा मिळतो, टॉक्सोपासून भरवशाचा मिळत नाही.